टीएमटीचं पत्रक मराठीत आणताना: तयारीपासून ‘पॉझिटिव्ह-निगेटिव्ह’पर्यंत

मुंबईतल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या हृदयरोग ओपीडीतून जानेवारीत एक इंग्रजी कागद भाषांतराला आला. ट्रेडमिल स्ट्रेस टेस्ट, म्हणजे सगळे ज्याला टीएमटी म्हणतात, तिच्या तयारीच्या सूचना पुढच्या बाजूला आणि संमतीपत्र मागच्या बाजूला. सोबत विनंती होती की रिपोर्ट हातात पडल्यावर ‘पॉझिटिव्ह’ आणि ‘निगेटिव्ह’चा अर्थ सांगणारं अर्धं पानही करून द्या. पाहायला गेलं तर दीड पानाचं काम. ते छापून खिडकीवर यायला एप्रिल उजाडला. मधला वेळ कुठे गेला आणि कुठली वाक्यं पुन्हा पुन्हा बदलावी लागली, ते इथे मांडतो. असं काम अंगावर आलेल्यांना आणि घरातल्या कुणाला तरी इंग्रजी पत्रक वाचून दाखवणाऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा.

पहिला सल्ला असा की एक ओळही लिहायच्या आधी टेस्टच्या खोलीत तासभर उभं राहा. पत्रकात ‘ग्रेडेड एक्सरसाइज’ असे दोनच शब्द असतात. खोलीत दिसतं की छातीवर दहा चिकटपट्ट्या लागतात, दंडाला बीपीचा पट्टा बांधला जातो आणि पेशंट चालू लागला की दर तीन मिनिटांनी सरकपट्ट्याचा वेग आणि चढ दोन्ही वाढतात. ही ब्रूस पद्धत. अमेरिकेतल्या सिएटलचे हृदयरोगतज्ज्ञ रॉबर्ट ब्रूस यांनी १९६० च्या दशकात ती बसवली आणि आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तीच वापरतात. पहिला टप्पा ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ, दुसरा ४ किलोमीटर आणि १२ टक्के, तिसरा साडेपाच किलोमीटर आणि १४ टक्के. तिसऱ्या टप्प्यात चांगल्या माणसालाही धाप लागते. हे आकडे पत्रकात घातले नाहीत, पण त्यातून एक वाक्य मात्र आलं: ‘दर तीन मिनिटांनी पट्टा आपोआप जास्त वेगाने फिरेल आणि समोरून थोडा उचलला जाईल. दम लागणं अपेक्षित आहे.’ मूळ इंग्रजीत हे नव्हतं. ते नसलं की काय होतं हे खोलीतच दिसतं. चढ वाढला की माणूस दचकतो, समोरचा दांडा घट्ट पकडतो आणि अंगाचा भार हातांवर टाकतो. मग हृदयावर ताण पडतो कमी आणि मिनिटं भरतात जास्त. रिपोर्टातली चालण्याची वेळ फुगलेली येते. म्हणून ‘दांड्यावर बोटं नुसती टेकवा, लटकू नका’ ही ओळही वाढवली.

नावाचं पटकन सांगतो. ‘स्ट्रेस’चं ‘ताण’ केलं की टेन्शनची तपासणी, घरच्या कटकटी विचारणार, असा समज होतो. आम्ही वर मोठ्या अक्षरात ‘टीएमटी’ ठेवलं आणि खाली ‘चालण्याच्या पट्ट्यावर हृदयाची तपासणी’. चिठ्ठीवर टीएमटीच लिहिलेलं असतं, खिडकीवर टीएमटीच विचारतात. तिथे शुद्ध मराठी नाव शोधण्यात अर्थ नव्हता.

खाण्यापिण्याच्या सूचनेत सगळ्यात जास्त घोळ होता. मूळ वाक्य होतं, ‘फास्टिंग फॉर थ्री अवर्स’. पहिल्या खर्ड्यात त्याचं ‘तीन तास उपाशी राहावे’ केलं. फेब्रुवारीत हा खर्डा ओपीडीतल्या बाकावर बसलेल्या लोकांना वाचायला दिला. ‘कळलं का?’ असं विचारायचं नाही, कारण उत्तर नेहमी ‘हो’ येतं. विचारायचं, ‘मावशी, टेस्ट उद्या अकराला आहे, तर तुम्ही सकाळपासून काय काय कराल ते सांगा.’ एक मावशी म्हणाल्या, ‘उद्या गुरुवार, माझा उपासच असतो. साबुदाण्याची खिचडी खाऊन येते.’ त्यांच्या शेजारचे काका, मधुमेहवाले, म्हणाले, ‘रक्ताच्या टेस्टसारखं ना? मग मी रात्री नऊनंतर काहीच घेत नाही.’ एकाच वाक्यातून एकाचं पोट गच्च भरलेलं आणि दुसऱ्याचं चौदा तास रिकामं. दोन्ही वाईट. भरल्या पोटी चढावर चालवलं तर मळमळ होते आणि रक्तपुरवठा पचनाकडे वळलेला असतो. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन, उपाशीपोटी, त्यात जोराचा व्यायाम, म्हणजे साखर झपकन उतरून पट्ट्यावरच घेरी यायची शक्यता.

शेवटी छापलं ते असं: ‘टेस्टच्या तीन तास आधी थोडं खा: दोन इडल्या किंवा एक पोळी-भाजी किंवा वाटीभर पोहे. त्यानंतर टेस्ट होईपर्यंत फक्त पाणी. उपवास असला तरी साबुदाणा, वरीचे तांदूळ, दाणे हे याच नियमात येतात. रात्रभर उपाशी राहायची गरज नाही.’ त्याखाली रिकामी जागा: ‘तुमची टेस्ट ____ वाजता. शेवटचं खाणं ____ वाजता.’ ही वेळ अपॉइंटमेंट देणारी व्यक्तीच पेनाने भरते. वजाबाकी पेशंटवर सोडली की चुकतेच.

चहाचं वेगळं लिहावं लागलं. ‘कॅफीन टाळा’ म्हटलं की माणूस म्हणतो, मी कॉफी पीतच नाही. चहा हे त्याच्या लेखी पेय नसून सकाळचा भाग आहे. ‘चहा, कॉफी, कोला, एनर्जी ड्रिंक नको, कटिंगसुद्धा नको’ असं सरळ घातलं. किती तास आधीपासून, याचे नियम ठिकाणागणिक वेगळे आहेत. ज्या चाचणीत चालवण्याऐवजी ॲडिनोसिनसारखं औषध शिरेतून देतात, तिथे चहा-कॉफी एक दिवस आधीपासून बंद करतात, कारण कॅफीन त्या औषधाचा परिणाम अडवतं. साध्या टीएमटीत एवढी कडक अट सहसा नसते. आपल्या विभागाचा आकडा विचारून तोच लिहावा, दुसऱ्या हॉस्पिटलच्या पत्रकातून उचलू नये. बिडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री यांना तीन तासांचीच अट होती. मूळ इंग्रजीत फक्त ‘स्मोकिंग’ होतं. तंबाखू आणि मिश्री आम्ही डॉक्टरांना विचारून वाढवली.

आता गोळ्या. इथली चूक खरोखर महागात पडू शकते. इंग्रजी ओळ होती, ‘होल्ड बीटा-ब्लॉकर्स फॉर्टी-एट अवर्स प्रायर’. डॉक्टरी इंग्रजीत होल्ड म्हणजे तात्पुरती थांबवणे. विभागात आधीच फिरत असलेल्या एका कच्च्या मराठी प्रतीत हे ‘४८ तास आधीपासून चालू ठेवाव्यात’ असं झालं होतं, बरोबर उलटं. गोळी थांबवायची का, तर बीटा-ब्लॉकर ठोक्यांना वेसण घालतो. चाचणीचा पाया असा की ठोके वयानुसार ठरलेल्या कमाल आकड्याच्या निदान ८५ टक्क्यांपर्यंत जावेत. हा कमाल आकडा काढायची ढोबळ रीत २२० वजा वय. ५४ वर्षांच्या माणसाचा १६६, त्याचे ८५ टक्के १४१. गोळी चालू असेल तर तो १२० च्या आसपासच अडकू शकतो, पाय थकून थांबतो आणि टेस्टमधून काहीच ठरत नाही.

पण म्हणून ‘थांबवा’ एवढंच लिहूनही चालत नाही, तीन कारणांनी. एक, ही गोळी अचानक बंद केली तर ठोके आणि बीपी उसळून येऊ शकतात आणि ज्याच्या हृदयाचा रक्तपुरवठा आधीच तोकडा आहे त्याला छातीत दुखायला लागू शकतं. दोन, काही वेळा चाचणी निदानासाठी नसून चालू औषध पुरेसं पडतंय का ते बघायला असते. तिथे गोळी घेऊनच यायचं असतं. तीन, बाकावरच्या वाचनात कळलं की कुणीच ‘बीटा-ब्लॉकर’ हे नाव ओळखत नाही. ‘बीपीची गोळी’ म्हणतात आणि त्या नावाखाली टेल्मिसार्टन, ॲम्लोडिपिन, मेटोप्रोलॉल सगळं येतं. यातला बीटा-ब्लॉकर फक्त मेटोप्रोलॉल. एका काकांनी पत्रक वाचून सगळ्याच गोळ्या बंद करायचं ठरवून टाकलं होतं. तसं केलं तर टेस्टच्या सकाळी बीपी चढलेलं निघतं आणि बसल्या जागी वरचा आकडा २०० किंवा खालचा ११० च्या वर असेल तर डॉक्टर बहुधा चाचणी पुढे ढकलतात. अपॉइंटमेंट वाया, कामाचा खाडा वेगळा. शिवाय एकाच गोळीत टेल्मिसार्टन आणि मेटोप्रोलॉल एकत्र असलेल्याही बाजारात आहेत, म्हणजे नाव बघून पेशंटने स्वतः ठरवणं आणखी अवघड.

म्हणून या ओळीचं भाषांतर केलंच नाही. तिच्या जागी चौकट केली. ‘चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं अपॉइंटमेंट घेताना दाखवा. आपल्या मनाने कुठलीही गोळी बंद करू नका.’ खाली डॉक्टरांनी भरायचे तीन रकाने: गोळीचं नाव, शेवटची कधी घ्यायची त्याची तारीख-वेळ, परत कधी सुरू करायची. तिसरा रकाना सिस्टरांनी सुचवला. टेस्ट झाल्यावर गोळी परत सुरू करायची असते हे कुणी सांगितलंच नाही तर लोक आठवडाभर तशीच ठेवतात. साखरेच्या गोळ्या आणि इन्सुलिन याच चौकटीत. सॉर्बिट्रेटसाठी वेगळी ओळ: ‘जिभेखालची गोळी खिशात असू द्या. टेस्टच्या आधी ती घ्यावी लागली तर लगेच सांगा.’

हृदयरोगतज्ज्ञांना ही चौकट पटायला दोन-तीन आठवडे लागले. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं: ओपीडीत एका पेशंटला मिळतात मोजकी मिनिटं, त्यात आणखी एक फॉर्म कोण भरणार? मग तोडगा निघाला की नावं सिस्टर पाकिटावरून उतरवणार आणि डॉक्टर फक्त खूण आणि सही करणार.

कपड्यांचं थोडक्यात. ‘लूज कम्फर्टेबल क्लोदिंग’चं ‘सैल आरामदायी कपडे’ केलं की काहीजणी साडीतच येतात, कारण साडीइतकं आरामदायी त्यांना दुसरं काही वाटत नाही. ‘सलवार किंवा ट्रॅकपँट, वर पुढून बटणं असलेला शर्ट किंवा कुर्ता, साडी नको, लुंगी नको’ असं नाव घेऊन लिहिलं. चपलेवर चालू देत नाहीत. पायात बसणारे बूट हवेत, नवे कोरे नकोत. छातीला तेल, पावडर, क्रीम, बाम लावून येऊ नये, पट्ट्या चिकटत नाहीत आणि घाम आला की सुटतात. पुरुषांच्या छातीवरचे केस काही ठिकाणी काढावे लागतात. बायकांसाठी स्त्री कर्मचारी असेल का, हे आधी विचारता येतं. ही ओळ इंग्रजीत नव्हती, पण बाकावर सर्वाधिक विचारलेला प्रश्न तोच होता. आणि मुंबईपुरती एक भर: ‘वीस मिनिटं आधी येऊन बसा.’ गर्दीच्या लोकलमधून उतरून, पूल चढून, घामाघूम आलेल्या माणसाचा सुरुवातीचा बीपी आणि ठोके दोन्ही चढलेले मिळतात.

चालताना काय सांगायचं, त्याच्या ओळीवरही वेळ गेला. ‘रिपोर्ट एनी डिसकम्फर्ट’ याचं ‘कोणतीही अस्वस्थता जाणवल्यास कळवावे’ हे व्याकरणाने बरोबर आणि उपयोगाचं शून्य. छातीत दडपण येणाऱ्याला आपण ‘अस्वस्थ’ आहोत असं वाटत नाही, त्याला गॅस झालाय असं वाटतं. आम्ही लोकांच्याच तोंडचे शब्द घेतले: छातीत भरून येणं, दडपण, जडपणा, जळजळ, जबड्यात, खांद्यात किंवा डाव्या हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, घेरी, पोटरीत गोळे. यातलं काहीही झालं तर तोंडाने सांगा, पट्ट्यावरून उडी मारू नका. टेक्निशियनने आणखी एक गोष्ट ध्यानात आणून दिली. पुष्कळ जण दुखत असूनही गप्प राहतात, कारण मध्येच थांबलो तर नापास होऊ असं त्यांना वाटतं. खरं तर दुखणं कितव्या मिनिटाला सुरू झालं हीच डॉक्टरांना हवी असलेली माहिती असते. ते वाक्य जसंच्या तसं घातलं.

पट्टा थांबल्यावरही काही मिनिटं ईसीजी चालू राहतो. ‘टेस्ट झाली’ म्हणून पट्ट्या ओढून काढायला लागलेले लोक पाहिले. ईसीजीतला बदल कधीकधी चालताना न दिसता विश्रांतीतच दिसतो, म्हणून ‘सांगेपर्यंत पडून राहा’ हे ठळक केलं.

संमतीपत्राबद्दल एवढंच की धोका कमी आहे म्हणून तो गोड शब्दांत गुंडाळू नये. ‘क्वचित हृदयविकाराचा झटका, ठोक्यांची गंभीर गडबड आणि अतिशय क्वचित मृत्यू’ हे शब्द मराठीतही तितकेच स्पष्ट हवेत. मसुद्यात कुणीतरी ‘मृत्यू’च्या जागी ‘गंभीर परिणाम’ केलं होतं. ते परत बदललं. जोडीला हेही लिहिलं की खोलीत डॉक्टर, ऑक्सिजन आणि शॉक देण्याचं यंत्र असतं आणि ‘मला नको’ असं कुठल्याही क्षणी म्हणता येतं.

मार्चभर निकालाचं अर्धं पान चाललं. ‘पॉझिटिव्ह’चं ‘सकारात्मक’ करणं हा सरळ गुन्हा आहे. कोरोनाच्या काळापासून पॉझिटिव्ह म्हणजे वाईट एवढं लोकांना कळतं, पण मग टीएमटी पॉझिटिव्ह म्हणजे रोग ‘झाला’, ब्लॉकेज पक्कं, असा दुसरा टोकाचा अर्थ लागतो. रिपोर्टात तो शब्द छापलेला असणारच, म्हणून आम्ही तो ठेवला आणि पुढे अर्थ लिहिला:

पॉझिटिव्ह: चालताना ईसीजीत असा बदल दिसला की हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडत असावं. पुढची तपासणी लागेल.
निगेटिव्ह: पुरेसे ठोके वाढूनही तसा बदल दिसला नाही.
निर्णय नाही: ठोके पुरेसे वाढले नाहीत किंवा ईसीजी वाचता आला नाही. याला निगेटिव्ह समजू नका.

तिसरी ओळ इंग्रजी कागदात नव्हतीच आणि माझ्या मते ती सगळ्यात गरजेची आहे. गुडघे दुखले म्हणून चौथ्या मिनिटाला थांबलेल्या बाईंच्या रिपोर्टात ‘निगेटिव्ह ॲट अचीव्ह्ड वर्कलोड’, म्हणजे जेवढं चालल्या तेवढ्यापुरतं निगेटिव्ह, असं लिहिलेलं असतं. घरचे फक्त पहिला शब्द वाचतात. ठोके ६५ टक्क्यांवर थांबले असतील तर त्या निगेटिव्हला फारसा अर्थ नाही. काहींचा तर बसल्या जागचा ईसीजीच असा असतो, डाव्या बाजूचा बंडल ब्रँच ब्लॉक किंवा पेसमेकर, की चालवून मिळालेली रेघ वाचताच येत नाही. त्यांना दुसरी चाचणी लागते.

पेशंटला समजवायला एक नमुना रिपोर्ट तयार केला. ५४ वर्षांचे गृहस्थ, साडेसात मिनिटं चालले, ठोके १४८ पर्यंत गेले, म्हणजे १६६ च्या ८९ टक्के. बीपी १३० वरून १७६. छातीत दुखलं नाही, दमून थांबले. छातीवरच्या व्ही-४ ते व्ही-६ या पट्ट्यांमध्ये एसटीची रेघ दीड मिलिमीटर खाली, सपाट. निष्कर्ष पॉझिटिव्ह. आता याचं मराठी असं: ठोके पुरेसे वाढले, म्हणजे टेस्ट वाचण्यासारखी झाली. बीपी चढला तो योग्यच. चालताना उलट खाली आला असता तर ती धोक्याची खूण होती. ईसीजीच्या कागदावरची बारीक चौकट एक मिलिमीटरची असते. एका ठोक्यानंतर पुढच्या ठोक्याआधी एसटी नावाचा जो तुकडा सपाटीवर राहायला हवा तो दीड चौकट खाली गेला. रेघ एक चौकट किंवा जास्त, सपाट किंवा उतरती खाली गेली आणि लागोपाठच्या ठोक्यांत तशीच राहिली, तर पॉझिटिव्ह म्हणतात. चढत्या रेघेला तेवढं महत्त्व देत नाहीत. रक्त कमी पडणं समजावताना चाळीतल्या पाण्याचं उदाहरण चाललं: एकच नळ उघडा असेल तर बारीक पाइपातूनही भागतं, सगळ्यांनी एकदम उघडले की धार तुटते.

रिपोर्टात कधी ड्यूक स्कोअर असतो, तोही सोपा आहे. चाललेली मिनिटं, त्यातून एसटी जितके मिलिमीटर खाली त्याची पाचपट वजा आणि छातीत दुखल्याचे गुण चौपट वजा; न दुखल्यास शून्य, दुखलं तरी चालता आलं तर एक, त्यामुळेच थांबावं लागलं तर दोन. या गृहस्थांचे ७.५ वजा ७.५ वजा ०, म्हणजे शून्य. अधिक ५ आणि त्यावर कमी धोका, वजा ११ आणि त्याखाली जास्त, मधले मध्यम. हे मध्यम. यात घाईने ॲडमिट करण्यासारखं काही नसतं, पण पुढच्या भेटीला रिपोर्ट घेऊन जाणं टाळायचंही नसतं. पहिल्याच टप्प्यात छातीत दुखलं असतं, दोन-तीन मिलिमीटर रेघ उतरली असती आणि बीपी घसरला असता, तर तिथल्या तिथे डॉक्टरांनी थांबवून घेतलं असतं.

या सगळ्यात एक गोष्ट टीएमटी सांगत नाही: किती टक्के ब्लॉकेज आणि कुठल्या नळीत. व्ही-५ मध्ये बदल म्हणजे अमुक नळी, असं या रेघेवरून ठरत नाही. ते कळायला सीटी अँजिओग्राफी किंवा अँजिओग्राफी. स्नायूला खरंच रक्त कमी पडतंय का ते बघायला स्ट्रेस इको किंवा थॅलियमसारखी चाचणी.

‘पॉझिटिव्ह म्हणजे नक्की का?’ याला हो-नाही असं उत्तर देता येत नाही. आधीच्या सुमारे दीडशे अभ्यासांचा १९८९ मध्ये एकत्र हिशेब झाला, त्यात टीएमटी शंभर आजाऱ्यांपैकी ६८ जण पकडते आणि शंभर निरोगींपैकी ७७ जणांना बरोबर निगेटिव्ह म्हणते, असं सरासरी निघालं. आता दोन गट घेऊ. समजा, पहिल्या शंभरात ८० जणांना खरंच आजार आहे. साठीचे, साखर असलेले, जिना चढताना छातीत दडपण येणारे पुरुष. त्यातले ५४ पॉझिटिव्ह येतील, २६ सुटतील. उरलेल्या २० निरोगींतले ५ चुकून पॉझिटिव्ह. म्हणजे ५९ पॉझिटिव्हपैकी ५४ खरे, पण ४१ निगेटिव्हमध्येही २६ आजारी. समजा, दुसऱ्या शंभरात फक्त ५ जणांना आजार आहे. पस्तिशीच्या, कुठलाही त्रास नसलेल्या, ऑफिसच्या चेकअप पॅकेजमध्ये टीएमटी मिळालेल्या बायका. त्यातल्या ३ पकडल्या जातील आणि ९५ निरोगींतल्या २२ चुकून पॉझिटिव्ह. पंचविसांत खऱ्या तीन. शब्द तोच, अर्थ किती बदलला. बायकांत, रक्तात हिमोग्लोबिन किंवा पोटॅशियम कमी असताना, बीपीने हृदयाची भिंत जाड झालेली असताना आणि डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असताना असे चुकीचे पॉझिटिव्ह जास्त येतात.

हा हिशेब पेशंटच्या पानावर टाकला नाही. बाकावर दाखवून पाहिला, आकडे बघून लोक गप्प झाले. तो सिस्टर आणि समुपदेशकांच्या कागदावर गेला. पेशंटच्या पानावर दोनच वाक्यं राहिली: ‘पॉझिटिव्ह आलेल्या काहींच्या नळ्या पुढच्या तपासणीत चांगल्या निघतात. तुमचं वय, त्रास, साखर, बीपी पाहून डॉक्टर पुढचं ठरवतील.’

निगेटिव्हच्या खाली मात्र जरा जास्त लिहिलं. रक्ताची वाट पुष्कळ अरुंद झाली असेल तरच चालताना पुरवठा कमी पडतो. नळीच्या भिंतीतला छोटा थर वाट अडवत नाही, म्हणून टीएमटीत दिसत नाही. पण तोच फुटून त्यावर गुठळी धरली तर झटका येऊ शकतो. म्हणून ‘निगेटिव्ह आला तरी बीपीच्या, साखरेच्या, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या बंद करू नका. बसल्या जागी छातीत दडपण आलं आणि घाम फुटला तर हा रिपोर्ट न बघता १०८ ला फोन करा किंवा जवळच्या हॉस्पिटलात जा.’ ही दोन वाक्यं डॉक्टरांनी एक अक्षरही न बदलता मंजूर केली.

एप्रिलच्या सुरुवातीला मूळ इंग्रजी न पाहिलेल्या दुसऱ्या भाषांतरकाराकडून मराठीचं परत इंग्रजी करून घेतलं. याचे शब्दामागे दोन रुपये गेले आणि ते वसूल झाले. ‘गोळी परत सुरू करायची तारीख’ हे त्यांनी ‘कोर्स पुन्हा घ्यायची तारीख’ असं उलटवलं, म्हणून ओळ ‘टेस्टनंतर हीच गोळी परत कधीपासून’ अशी केली. मग विभागप्रमुखांची सही आणि छपाई. एका रंगात, ए-फोरच्या दोन्ही बाजूंना छापलं तर खर्च फार नाही. चकचकीत कागद घेऊ नये, त्यावर पेनाने लिहिलेली वेळ पुसते. अक्षर निदान १४ पॉइंटचं हवं. कोपऱ्यात आवृत्तीचा महिना आणि वर्ष टाकलं, नाहीतर जुन्या आणि नव्या प्रती एकाच खणात मिसळतात.

सगळं झाल्यावर एक जुनी रीत बदलावी लागली. पूर्वी पत्रक टेस्टच्या दिवशी पैसे भरताना पावतीसोबत मिळायचं. ज्या गोळीसाठी दोन दिवस आधी सांगावं लागतं, तिची सूचना त्या सकाळी मिळून उपयोग नाही. आता ते तारीख देतानाच देतात, चौकट तिथेच भरतात आणि टेस्टच्या आदल्या दिवशी फोन करून शेवटच्या खाण्याची वेळ पेशंटच्याच तोंडून वदवून घेतात.